‘एपी-12’ असं कुणी शोधत नाही : भांडी बाजारातल्या व्यापाऱ्यांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणी आणि भांडी बाजार, नाशिक येथील सर्व सभासद मंडळींना सप्रेम नमस्कार.

मागच्या सभेत विषयपत्रिकेवर शेवटचा विषय माझा होता, ऑनलाइन विकायच्या मालाला नाव काय द्यावं हा. पण पार्किंगच्या विषयाने दीड तास खाल्ला आणि माझ्या वाट्याला आली ती शटर पाडायची वेळ. चहाचे कप गोळा होत असताना एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, “सूनबाई, फोटो झकास काढले की झालं ना? त्या नावाचं एवढं काय घेऊन बसलात?” प्रश्न बरोबर होता, पण उभ्या उभ्या उत्तर देता येण्यासारखा नव्हता. म्हणून जे बोलणार होते ते लिहून पाठवते आहे. आमच्या दुकानाचा ऑनलाइन माल गेली चार वर्षं मी चढवते. चुका आधी मी केल्या, त्याच इथे सांगते.

एकच वस्तू घेऊ या. बिडाचं अप्पे पात्र, बारा खळग्यांचं. आपल्यापैकी निम्म्या दुकानांत आहे.

गिऱ्हाईक गल्ल्यासमोर येतं तेव्हा काय होतं ते आठवा. एक बाई म्हणते, “अप्प्यांचा तवा दाखवा.” दुसरी म्हणते, “ते गोल गोल खड्ड्यांचं असतं ना, ते.” एखादं दक्षिणेकडचं कुटुंब ‘पनियारम’ म्हणतं. मामंजी प्रत्येक वेळी मागे वळतात आणि एकाच फळीवर हात घालतात. गिऱ्हाइकाने काहीही म्हटलं तरी त्याचं भाषांतर त्यांच्या डोक्यात होतं. आपण त्याला अनुभव म्हणतो आणि त्याची किंमत कधी लावत नाही. ऑनलाइन बाजारात गल्ल्यामागे मामंजी नसतात. हे भाषांतर आपण आधीच करून ठेवायचं असतं आणि त्यासाठी मुख्य जागा एकच, मालाचं शीर्षक.

शोधाचं यंत्र आत काय करतं ते सोप्या भाषेत सांगते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, ‘तांबे, पान 14, 88, 203’ अशी. यंत्रही तशीच सूची करतं. आपण माल चढवला की ते शीर्षकाचे, वर्णनाचे तुकडे करून एकेक शब्द वेगळा काढतं आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्या वस्तूचा नंबर लिहून ठेवतं. उद्या कुणी `appe patra` असं टाइप केलं की ते लाखो वस्तू चाळत बसत नाही. थेट सूचीत `appe` उघडतं, `patra` उघडतं आणि दोन्हीकडे ज्यांचे नंबर आहेत त्यांना बोलावतं. ही झाली पहिली पायरी, बोलावण्याची. कुणाला वर बसवायचं, कुणाला खाली, हे त्यानंतर ठरतं. तिथे किंमत, विक्री, ग्राहकांचे शेरे, माल किती दिवसांत पोचतो, अशा बऱ्याच गोष्टी बघितल्या जातात. शीर्षकातल्या शब्दाला वर्णनातल्या शब्दापेक्षा सहसा जास्त वजन असतं, ते या दुसऱ्या पायरीवरही उपयोगी पडतं. पण आपल्यापैकी बहुतेकांचा माल दुसऱ्या पायरीवर हरत नाही. तो पहिल्या पायरीवर बोलावलाच जात नाही.

आमच्या अप्पे पात्राचं मी पहिल्यांदा दिलेलं शीर्षक हे होतं :

```
AP-12 HVY DLX Best Quality Kitchen Item
```

हसू नका. कारखान्याच्या बिलावर ‘एपी-12 हेवी डिलक्स’ लिहिलेलं होतं, ते मी जसंच्या तसं उतरवलं आणि पुढे आपल्या मनाचं ‘बेस्ट क्वालिटी’ जोडलं. फोटो मात्र मेहनतीने काढले होते, पांढऱ्या कापडावर, सकाळच्या उन्हात. दोन महिने एकही ऑर्डर नाही. आता या शीर्षकाचे तुकडे करून बघा. एपी-12 हा शब्द जगात फक्त आमच्या कारखानदाराला आणि मला माहीत. ‘एचव्हीवाय’ म्हणजे हेवी, हेही आपल्याच धंद्यात चालतं. ‘किचन आयटम’ असं टाइप करून अप्पे पात्र शोधणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणजे गिऱ्हाईक टाइप करेल असा एकही शब्द त्या ओळीत नव्हता. वस्तू दुकानात होती, पण माळ्यावर, पोत्यात बांधलेली.

‘बेस्ट क्वालिटी’बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्या बाजारात हा रोग फार आहे. केरन स्पार्क जोन्स नावाच्या ब्रिटिश संशोधक बाईंनी 1972 साली एक साधी गोष्ट मांडली. जो शब्द सगळ्याच कागदांवर आहे, तो एखादा कागद शोधायला कामाचा नाही. जो शब्द थोड्याच कागदांवर आहे, त्याला वजन द्यावं. शोधयंत्रं हे तत्त्व आजही कुठल्या ना कुठल्या रूपात वापरतात. पत्ता विचारणाऱ्याला ‘नाशकात, रस्त्याच्या कडेला’ असं सांगितलं तर तो पोचेल का? ‘बेस्ट’, ‘प्रीमियम’, ‘सुपर’ हे शब्द म्हणजे ‘रस्त्याच्या कडेला’. ‘अप्पे’, ‘बारा खळगे’, ‘बीड’ हा खरा पत्ता.

मग लोक या वस्तूला म्हणतात तरी काय? हे मी घरी बसून ठरवलं नाही. मोबाइलवर खासगी खिडकी उघडली, म्हणजे माझ्या जुन्या शोधांचा रंग त्यात मिसळत नाही, आणि शोधाच्या चौकटीत नुसतं `appe` लिहून थांबले. खाली आपोआप सूचना लोंबायला लागतात. त्या यंत्राच्या कल्पना नसतात, मुख्यतः लोकांनी खरोखर टाइप केलेल्या शोधांतून आलेल्या असतात. गुगलवर एकदा आणि जिथे माल विकायचा त्या बाजारपेठेवर एकदा, असं दोन्हीकडे केलं. मग गुगल ट्रेंड्सवर `appe patra` आणि `paniyaram pan` शेजारी शेजारी टाकून राज्यांचा नकाशा पाहिला. तिथे 0 ते 100 असा आकडा दिसतो. ती शोधांची संख्या नसते, फक्त तुलना असते, एवढं लक्षात ठेवायचं.

त्यातून कळलं ते असं. आपण ज्याला अप्पे पात्र म्हणतो ते तमिळमध्ये पनियारमचं भांडं, कन्नडमध्ये पड्डूचं, तेलुगूत पोंगनालूचं. तेच आपलं बिडाचं भांडं, पण बाजार चार. शिवाय इंग्रजी लिपीत आपलेच लोक `appe`, `aape`, `appey` असं वाटेल तसं लिहितात. रोजच्या शब्दांमधले असे फरक यंत्रं आता बऱ्यापैकी सांभाळून घेतात. `tawa` आणि `tava` एकच, हे त्यांना कळतं. त्यामुळे प्रत्येक स्पेलिंग शीर्षकात कोंबायची गरज नाही. पण ‘बिडाचे’ म्हणजेच कास्ट आयर्न, हे यंत्राला कळेलच असं नाही. आपल्या घरगुती शब्दांची जबाबदारी आपल्यावरच राहते.

एक फसवा शब्दही सापडला, ‘अप्पम’. पुष्कळ विक्रेते याच बारा खळग्यांच्या भांड्याला ‘अप्पम पात्र’ म्हणतात आणि गिऱ्हाइकंही तसं शोधतात. पण केरळातल्या माणसाचा अप्पम वेगळा. त्याला लागते एकच खोलगट वाटीसारखी कढई, अप्पचट्टी. हा शब्द शीर्षकात घेतला तर शोधात जास्त वेळा दिसू आणि परतीही जास्त येतील. मी तो शीर्षकात घेतला नाही. कुणाला हे पटणार नाही, पण परतीचं पार्सल उघडायला मीच बसते.

शेवटी शीर्षक असं झालं :

```
Cast Iron Appe Patra 12 Pits, Paniyaram Pan for Gas Stove, 23 cm, 2.4 kg
```

मोजलं तर ही सगळी 72 अक्षरं होतात, रिकाम्या जागा धरून. त्यातल्या पहिल्या 43 अक्षरांत धातू, वस्तूचं नाव, खळग्यांची संख्या आणि दक्षिणेतलं नाव, चारही आले. हा क्रम मुद्दाम आहे. मोबाइलवर शीर्षक पूर्ण दिसत नाही, मध्येच तुटून तीन टिंबं येतात. गुगलवर दाखवायचा माल जिथे नोंदवतात त्या मर्चंट सेंटरमध्ये शीर्षक 150 अक्षरांपर्यंत चालतं, पण लोकांना सहसा पहिली सत्तर किंवा त्याहूनही कमी दिसतात, असं ते स्वतःच सांगतात. अॅमेझॉनने जानेवारी 2025 पासून बहुतेक मालासाठी 200 अक्षरांची मर्यादा घातली आणि किरकोळ जोडशब्द सोडले तर एकच शब्द दोनदापेक्षा जास्त येऊ नये असंही सांगितलं. म्हणजे ‘तवा तवा तवा’ करणाऱ्यांची सोय गेली. बरं झालं. बाजारपेठेवर बहुधा आपल्या ब्रँडचं नाव सुरुवातीला द्यावं लागतं. तिथे इलाज नाही, नाव आटोपशीर ठेवा. स्वतःच्या वेबसाइटवर मात्र दुकानाचं नाव शेवटी गेलं तरी काही बिघडत नाही. आपलं नाव टाइप करून येणारा आपल्याला शोधूनच काढतो.

वजन आणि माप का लिहिलं? कारण बिडाचं भांडं घेणारी बाई पहिला प्रश्न हाच विचारते, “जड आहे का हो?” चार बोटांत उचलून बघायची सोय ऑनलाइन नाही. आकडा आम्ही आमच्या काट्यावर घेतला. कारखान्याच्या पत्रकावर दुसराच होता.

मग ‘बिडाचे’, ‘पड्डू’, ‘पोंगनालू’ गेले कुठे? बाजारपेठेवर माल चढवताना एक वेगळा रकाना असतो, शोधशब्दांचा. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो. तिथे हे शब्द टाकले, स्वल्पविराम न देता, शीर्षकातले शब्द पुन्हा न लिहिता. इथे एक खाच आहे, ती माझ्या उशिरा लक्षात आली. या रकान्यातली जागा काही ठिकाणी अक्षरांत मोजत नाहीत, बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मापात, मोजतात, आणि ती दोनशे-अडीचशे बाइट एवढीच असते. इंग्रजी लिपीतलं एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत मूळ अक्षर, काना, मात्रा, हलन्त, प्रत्येकाचे तीन तीन बाइट. `appe patra` ला 10 बाइट लागतात, `अप्पे पात्र` ला 31. मी अभिमानाने सगळं मराठीत भरलं होतं आणि जागा संपली हे मला कळलंही नाही. आता देवनागरीत फक्त दोनच शब्द ठेवते, ‘अप्पे’ आणि ‘बिडाचे’. बाकी रोमन.

शब्द सूचीत लागला की नाही हे तपासता येतं. अॅमेझॉनवर आपल्या मालातल्या प्रत्येक वस्तूला बी-शून्यने सुरू होणारा दहा खुणांचा नंबर मिळतो. शोधाच्या चौकटीत तो नंबर लिहायचा, जागा सोडायची आणि पुढे शब्द लिहायचा, म्हणजे `B0xxxxxxxx paddu` असं. आपली वस्तू आली तर त्या शब्दापुढे आपला नंबर बहुधा लागला आहे. नाही आली तर रकाना पुन्हा बघायचा. बदल केल्यावर लगेच तपासू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि रोज शीर्षक बदलू नका. मी एका आठवड्यात चार वेळा बदललं आणि कशामुळे काय झालं हेच मला सांगता येईना. एक बदल करून तीन-चार आठवडे तरी हात लावू नये.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. नवीन शीर्षकात आधी ‘इंडक्शन’ हा शब्दही होता. बीड लोहचुंबकाला धरतं, म्हणजे इंडक्शनवर चालणारच, असा माझा हिशोब. शब्दही चांगला चालतो, खूप लोक शोधतात. पहिली ऑर्डर मदुराईहून आली, घरात पेढे आणायचे तेवढे राहिले. आठ दिवसांनी भांडं परत. बाईंनी लिहिलं होतं, शेगडी भांडं ओळखतच नाही. बरोबर होतं त्यांचं. आमच्या पात्राचे खळगे खालून बाहेर आलेले आहेत, त्यामुळे ते काचेवर सपाट बसतच नाही. इंडक्शनला धातू चालतो, पण बूड टेकावं लागतं. सपाट बुडाचं बिडाचं पात्रही मिळतं, पण ते आमच्याकडे नव्हतं. चुकीच्या शब्दाने गिऱ्हाईक आलं, येण्याजाण्याचं भाडं आमच्या अंगावर पडलं आणि वर एक तारा मिळाला तो वेगळा. तो एक तारा पुढे दुसऱ्या पायरीवर, क्रम लागताना, अनेक दिवस आडवा येत राहिला. ‘फॉर गॅस स्टोव्ह’ हे तीन शब्द तेव्हापासून शीर्षकात आहेत.

याच कारणासाठी लोखंडी आणि बिडाचं यात गल्लत करू नका, ही हात जोडून विनंती. लोखंडी तवा पत्र्यापासून केलेला, पातळ, पडला तर वाकेल. बिडाचा ओतीव, जाड, खरखरीत, पडला तर तडकेल. ‘कास्ट आयर्न’ हा शब्द जास्त शोधला जातो म्हणून पत्र्याच्या तव्याला लावणारे मी पाहिले आहेत. भांड्यातलं ज्यांना कळतं ते गिऱ्हाईक पार्सल हातात घेतल्याबरोबर वजनावरून ओळखतं. तसंच दुसऱ्याच्या नावाजलेल्या ब्रँडचं नाव ‘अमक्यासारखं’ म्हणून शीर्षकात घालू नका, त्यावर तक्रार झाली तर मालच उतरवला जातो.

ज्यांच्या स्वतःच्या वेबसाइट आहेत त्यांच्यासाठी थोडंसं. आपल्यातल्या तीन-चार साइट मी उघडून पाहिल्या. प्रत्येक पानाचं शीर्षक एकच, ‘वेलकम’. तांब्याचा हंडा उघडा, पितळी समई उघडा, ‘वेलकम’. पानाच्या आत ही ओळ असते, साइट करून देणाऱ्या मुलाकडून ती प्रत्येक वस्तूसाठी वेगळी करून घ्या :

```
<title>पितळी समई 12 इंच, जोडी - दुकानाचे नाव</title>
```

गुगल कधी कधी ही ओळ स्वतःच बदलून दाखवतं, विशेषतः ती पानाशी जुळत नसेल किंवा शब्दांनी ठासून भरलेली असेल तर. तरीही ती नीट लिहिलेली असावी, कारण पान कशाबद्दल आहे हे यंत्र आधी तिथे बघतं.

आणि फॉन्टचं. पत्रकं, लग्नाच्या सिझनची जाहिरात वगैरे छापून घेताना डीटीपीवाला जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतो. तो मजकूर तिथून उचलून साइटवर चिकटवला तर आपल्या पडद्यावर तो फॉन्ट असल्यामुळे मराठी दिसतं, पण आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, काहीच्या काही. यंत्र तेच वाचतं. ओळखायचं असं : तो मजकूर स्वतःच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवून बघा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, सगळीकडे चालेल. गिचमिड दिसली तर पुन्हा टाइप करा. फोटोवर लिहिलेल्या नावावरही विसंबू नका. फोटोतलं वाचायला यंत्रं आता शिकली आहेत, पण शीर्षकाची भरपाई त्याने होत नाही.

शीर्षकाने काय होत नाही हेही सांगते, नाहीतर उद्या माझ्याच नावाने खडे फोडाल. किंमत शेजाऱ्यापेक्षा दीडपट असेल, माल पोचायला दहा दिवस लागत असतील, तर शीर्षक फक्त यादीत नेऊन बसवेल, पुढे काही नाही. ‘पहिल्या नंबरला आणून देतो’ म्हणत जो मुलगा बाजारात पॅकेज विकत फिरतो आहे, त्याला एवढंच विचारा : कुठल्या शब्दासाठी पहिला? ‘एपी-12’ या शब्दाला आम्हीही पहिलेच होतो.

संघाकडे माझं मागणं एकच आहे. प्रत्येक दुकानाने गल्ल्यावर एक शंभर पानी वही ठेवावी. महिनाभर गिऱ्हाईक ज्या शब्दांत वस्तू मागेल ते शब्द जसेच्या तसे लिहायचे, सुधारायचे नाहीत. ‘कल्हईवालं पातेलं’, ‘देवपूजेचं ते छोटं’, ‘आजीकडे होता तसा बंब’, सगळं. कुठल्या गावचं गिऱ्हाईक तेही शेजारी. महिनाअखेरीला वह्या एकत्र केल्या तर कुठल्या कंपनीला पैसे देऊनही मिळणार नाही अशी शब्दांची यादी आपल्या हातात येईल. संघाने ती वस्तूवार छापून सभासदांना द्यावी. मराठी शब्द, रोमन स्पेलिंग, आणि आपण धंद्यात त्याला काय म्हणतो, असे तीन रकाने पुरतील. टाइप मी करून देईन. ज्यांना ऑनलाइन विकायचं नाही त्यांनीही वही ठेवावी, कारण जुने शब्द त्यांच्याच गल्ल्यावर जास्त येतात.

आमची वही सोमवारी सुरू केली. पहिल्या पानावर मामंजींच्या अक्षरात आहे : “सिन्नरच्या आजी. ‘बारा घरांचं पात्र’ मागितलं.” ‘घरांचं’ हा शब्द माझ्या एकाही रकान्यात नव्हता.

आपली,
भांडी बाजारातल्याच एका दुकानातली सून